रशियन क्रियापदामागचा ‘स्या’

मॉस्कोच्या मेट्रोत गाडी सुटताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘अस्तरोझ्ना, द्वेरी झक्रिवायुत्सा’. सांभाळा, दारं बंद होत आहेत. यातलं ‘झक्रिवात्य’ म्हणजे बंद करणे. त्याच्या रूपामागे ‘स्या’ हे दोन अक्षरी प्रत्ययासारखं काहीतरी लागलं आणि ‘बंद करतात’चं ‘बंद होतात’ झालं. दारं चालक बंद करतो की ती आपोआप मिटतात, याबद्दल वाक्य काहीच बोलत नाही. बोलायची गरजही नाही, कारण प्रवाशाला फक्त हात आत घ्यायचा असतो.

हा ‘स्या’ रशियन शिकणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांतच भेटतो. पाठ्यपुस्तक त्याची ओळख ‘स्वतःला’ अशी करून देतं. ‘मीत्य’ म्हणजे धुणे, तर ‘मीत्सा’ म्हणजे स्वतःला धुणे, अर्थात अंघोळ करणे. इथवर सगळं सरळ असतं. मग एके दिवशी ‘दोम स्त्रोइत्सा’ असं वाक्य समोर येतं. दोम म्हणजे घर, स्त्रोइत्य म्हणजे बांधणे. घर स्वतःला बांधतं? पुढच्या पानावर ‘इवान इ आन्ना त्सेलुयुत्सा’ असतं, म्हणजे इवान आणि आन्ना चुंबन घेत आहेत. स्वतःचं नव्हे, एकमेकांचं. प्रत्यय तोच, पण एका जागी तो कर्मणी अर्थ देतो आणि दुसऱ्या जागी परस्परांचा. कुठे कोणता घ्यायचा हे ओळखायच्या खुणा वाक्यातच असतात, आणि त्या मोजक्या आहेत.

(उच्चाराविषयी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. लिहिताना हा प्रत्यय ‘स्या’ असतो, पण त्याच्या आधी ‘त’ आला की दोन्ही मिळून ‘त्सा’ ऐकू येतं. स्वरानंतर तो आखडून नुसता ‘स’ होतो. म्हणून या लेखात तो कधी त्सा, कधी स्या, कधी स असा दिसेल.)

मुळात हा प्रत्यय नव्हताच. जुन्या रशियनमध्ये ‘स्या’ हे ‘स्वतःला’ या अर्थाचं सुटं सर्वनाम होतं, आपल्या ‘स्व’च्याच कुळातलं. वाक्यात ते क्रियापदाच्या आधीही येऊ शके. नोव्गोरदला 1951 पासून जमिनीखाली बर्चच्या सालीवर लिहिलेली मध्ययुगीन पत्रं सापडू लागली. त्यांची भाषा उलगडणारे अंद्रेय झालिझ्न्याक यांनी या भटक्या शब्दाच्या जागेचे नियम बारकाईने मांडले. पोलिश आणि चेक भाषांत त्याची भावंडं आजही सुटीच फिरतात. रशियनमध्ये मात्र तो क्रियापदाला कायमचा चिकटला. या इतिहासातून आपल्याला हवी ती एकच गोष्ट मिळते: ‘स्या’ मूळचा कर्माच्या जागी बसलेला शब्द आहे. तो आला की कर्माची जागा भरते, म्हणून अशा क्रियापदाला सहसा दुसरं द्वितीयेतलं कर्म घेता येत नाही. मग कर्ता आणि कर्म यांचं नातं काय, हे उरलेल्या वाक्याला सांगावं लागतं.

पहिली खूण म्हणजे कर्ता सजीव आहे की निर्जीव. वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांच्या कानावर रोज पडणारं एक क्रियापद घेऊ. ‘लेचीत्य’ म्हणजे उपचार करणे. ‘बल्नोय लेचित्सा’ यात बल्नोय म्हणजे रुग्ण. रुग्ण उपचार घेतो आहे, असा त्याचा अर्थ. औषध डॉक्टर देतो, तरी रशियन माणसाला इथे रुग्ण नुसता सोसणारा वाटत नाही, तो स्वतः उपचार करून घेणारा वाटतो. म्हणून डॉक्टरचा उल्लेख करायचा तर तो ‘डॉक्टरकडे’ या अर्थाने येतो: ‘उ व्राचा’. न्हाव्याकडे केस कापून घेण्याचं वाक्यही असंच बनतं.

आता कर्त्याच्या जागी आजार ठेवा: ‘ग्रीप अन्तिबिओतिकामि न्ये लेचित्सा’. फ्लूवर अँटिबायोटिकने उपचार होत नाही. आजार काही स्वतःवर उपचार करून घेऊ शकत नाही, त्यामुळे हे वाक्य कर्मणीच. त्यात ‘होऊ शकत नाही’ अशी शक्यतेची छटाही मिसळली आहे. निर्जीव कर्ता, तृतीय पुरुष आणि एखादा नियम किंवा चालू प्रक्रिया, हे कर्मणी ‘स्या’चं घर. ‘प्रदायोत्सा’ म्हणजे विकणे आहे, ही पाटी घरावर लागते. ‘काक पीशेत्सा?’ म्हणजे हे कसं लिहितात, असं स्पेलिंग विचारताना म्हणतात.

दुसरी खूण तृतीया विभक्तीची, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची. कर्मणी वाक्यात काम करणारा माणूस नुसत्या तृतीयेत येतो: ‘दोम स्त्रोइत्सा रबोचिमि’, घर कामगारांकडून बांधलं जात आहे. परस्परांच्या वाक्यातही जोडीदार तृतीयेतच येतो, पण त्याच्या आधी ‘स’ हे शब्दयोगी अव्यय लागतं: ‘इवान त्सेलुयेत्सा स आन्नाय’. मराठीत पहिल्यासाठी ‘कडून’ आणि दुसऱ्यासाठी ‘शी’ असे वेगळे प्रत्यय आहेत, रशियनमध्ये सगळा फरक त्या एका ‘स’वर आहे. तो ऐकला की समोर जोडीदार आहे, नाही ऐकला आणि तृतीयेत माणूस आहे तर तो काम करणारा. तृतीयेत वस्तू असेल तर मात्र घाई नको. फ्लूच्या वाक्यातली अँटिबायोटिकं उपचार करत नाहीत, ती साधन आहेत, आपण ‘औषधाने’ म्हणतो तशी.

आपल्याकडचे विद्यार्थी जिथे सर्वांत जास्त अडखळतात ती तिसरी खूण आहे. रशियन क्रियापदं जोडीने येतात. त्यांतलं एक चालू किंवा वारंवार होणाऱ्या क्रियेसाठी असतं, दुसरं पुऱ्या झालेल्या क्रियेसाठी. कर्मणी अर्थाचा ‘स्या’ जवळजवळ नेहमी पहिल्यालाच लागतो. तल्स्तोयनी ‘युद्ध आणि शांती’ 1863 ते 1869 या काळात लिहिली. त्या सहा वर्षांच्या लेखनाबद्दल बोलायचं तर ‘रमान पिसाल्स्या’, म्हणजे कादंबरी लिहिली जात होती. लिहून झालेल्या पुस्तकाबद्दल ‘स्या’ चालत नाही. तिथे वेगळं कृदंत रूप येतं: ‘रमान नपीसन तल्स्तीम’, कादंबरी तल्स्तोयकडून लिहिली गेली आहे. विद्यार्थी पहिल्या वाक्यावरून दुसरं रचतो आणि ‘नपिसाल्स्या’ म्हणतो. रशियन माणसाला ते कर्मणी वाटत नाही. त्याला वाटतं, लिखाण जणू आपसूक कागदावर उतरलं. त्यापुढे ‘तल्स्तीम’ जोडलं की वाक्य कोसळतंच.

दाराचंही तसंच आहे. ‘द्व्येर अत्क्रिवायेत्सा’, म्हणजे दार उघडतं. या चालू रूपात पहारेकऱ्याला तृतीयेत आणता येतं, वाक्य जरा सरकारी वाटेल एवढंच. ‘द्व्येर अत्क्रीलस’, म्हणजे दार उघडलं. या पुऱ्या झालेल्या रूपात पहारेकऱ्याला जागाच नाही. वाऱ्यामुळे असो की कोणी ढकलल्यामुळे, दार उघडलं एवढंच. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. ‘काच फुटली’ आणि ‘काच फोडली गेली’ यांतला फरक आपण न शिकवता पाळतो.

परस्परांच्या अर्थाला हे बंधन नाही. इवान आणि आन्ना भांडले, ‘पस्सोरिलिस’. मग समेट झाला, ‘पमिरीलिस’. दोन्ही पुऱ्या झालेल्या क्रिया, दोन्हींच्या मागे ‘स’ रूपातला तोच प्रत्यय. निरोप घेताना रशियन लोक ‘उवीदिम्स्या’ म्हणतात, म्हणजे भेटूच, शब्दशः एकमेकांना पाहू. त्यामुळे पुऱ्या झालेल्या क्रियेच्या मागे ‘स्या’ दिसला तर कर्मणी अर्थ सहसा बाद धरावा.

एका क्रियापदावर या खुणा लावून पाहू. ‘बीत्य’ म्हणजे मारणे किंवा फोडणे. ‘मालचिकि ब्युत्सा’: मुलगे एकमेकांशी झुंजत आहेत. कर्ते सजीव, अनेकवचनी, मारणे दोन्ही बाजूंनी. ‘तरेल्कि ब्युत्सा’: तरेल्कि म्हणजे बशा. बशा एकमेकींशी झुंजत नाहीत, त्या फुटतात किंवा फुटणाऱ्या असतात. क्रियापदाचं रूप अक्षरशः तेच, नुसता कर्ता बदलला. बशांच्या वाक्यात फोडणाऱ्याला तृतीयेत घालून पाहा, वाक्य ते स्वीकारत नाही. म्हणजे हे खरं कर्मणीही नाही, आपल्या ‘फुटणे’सारखं आहे. निर्जीव कर्ता दिसला की लगेच कर्मणी म्हणू नये, त्याचं हे कारण.

परस्परांच्या अर्थाला वेगळीच मर्यादा आहे: हा ‘स्या’ वाटेल त्या क्रियापदाला लावता येत नाही. भेटणे, भांडणे, मिठी मारणे, पत्रव्यवहार करणे, ओळख करून घेणे अशी ठरावीक, काही डझन क्रियापदं आहेत. बहुतेक सगळी माणसामाणसांतल्या व्यवहाराची. ती पाठच करावी लागतात. प्रेम करणे, मदत करणे, समजून घेणे यांना हा प्रत्यय लावून परस्परांचा अर्थ मिळत नाही. तिथे ‘द्रुग द्रुगा’ म्हणजे ‘एकमेकांना’ हा जोडशब्द आणावा लागतो. त्यातला पहिला ‘द्रुग’ कधी बदलत नाही, विभक्ती दुसऱ्याला लागते, आणि ‘स’सारखं अव्यय आलं तर ते दोघांच्या मध्ये जाऊन बसतं: ‘द्रुग स द्रुगम’.

कोणत्याही क्रियापदाला ‘स्या’ जोडून नवी वाक्यं रचण्याचा मोह शिकणाऱ्याला होतोच. वाचताना आणि ऐकताना वरच्या खुणा पुरेशा आहेत, बोलताना मात्र हात आखडता घ्यावा. ‘घर कामगारांकडून बांधलं जात आहे’ हे वाक्य मराठीत जितकं कागदी वाटतं तितकंच रशियनमध्येही. ते अहवालात, कायद्यात, शास्त्रीय लेखात शोभतं. घरी-दारी रशियन माणूस कर्ता गाळून अनेकवचनी क्रियापद वापरतो, ‘दोम स्त्रोयत’, अगदी आपल्या ‘तिथे घर बांधतायत’सारखं. बोलताना तुम्हीही तेच वापरा.