कॅन की छोटी बाटली?

गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात रक्तदाब चढला की डॉक्टर लघवीतली प्रथिने मोजायला सांगतात. जुनी रीत चोवीस तासांची. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतचा थेंबन् थेंब कॅनमध्ये साठवायचा. ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रथिने भरली, तर ती वाढलेली धरतात.

पण एखादी वेळ हुकतेच. समजा, साठ किलोच्या बाईच्या कॅनमध्ये २१० मिलिग्रॅम प्रथिने निघाली. सगळे ठीक वाटेल. मात्र त्याच कॅनमध्ये क्रिएटिनिन फक्त ५०० मिलिग्रॅम आहे. तिच्या वजनाला दिवसाला साधारण ९०० तरी हवे. म्हणजे बरीच लघवी कॅनबाहेरच गेली!

इथे छोटी बाटली कामी येते. पाणी जास्त प्यायल्याने लघवी पातळ झाली, तर प्रथिने आणि क्रिएटिनिन दोन्ही सारखेच विरळ होतात, गुणोत्तर फारसे हलत नाही. तिच्या नमुन्यात डेसिलिटरला ४५ मिलिग्रॅम प्रथिने, ९० क्रिएटिनिन, गुणोत्तर ०.५. मर्यादा ०.३ ची. निदान बदलले, तेही काही तासांत.

म्हणून सुरुवातीला आणि वरचेवर तपासायला बाटलीच बरी. पण पैलवानाचे स्नायू जास्त क्रिएटिनिन सोडतात, त्यामुळे गुणोत्तर फसवे कमी दिसते. खंगलेल्या म्हाताऱ्यात उलट. अशांना, किंवा आकडा अगदी सीमेवर असताना, कॅनचा खटाटोप करावा. फक्त अहवालात क्रिएटिनिनही मागून घ्यावे.