शिकवणीची फी पाकिटातून खात्यात

कोल्हापूरजवळच्या एखाद्या मोठ्या गावातला शिकवणी वर्ग डोळ्यांसमोर आणा. आठवी ते दहावीची 64 मुले, 58 घरे आणि महिन्याला 1,500 रुपये फी. सहा घरांतून दोन-दोन भावंडे येतात, त्यांना दोघांची मिळून 2,700 रुपये. सगळी फी आली तर महिन्याला 94,200 रुपये होतात. पण ती येते दप्तरातल्या पाकिटातून, एक तारखेपासून पंचविशीपर्यंत कधीही. एखादे पाकीट दप्तरातच राहते, एखाद्यात पाचशेची नोट कमी निघते. शिकवणाऱ्या बाईंना मग फळ्यासमोर उभ्या असलेल्या मुलालाच विचारावे लागते, ‘बाबांनी फी दिली का रे?’ आराखडा करायचा तो मुख्यतः हा प्रश्न मुलाला विचारावा लागू नये म्हणून.

त्यासाठीचे साधन आज बहुतेक पालकांच्या हातात आहे. जुलै 2020 मध्ये यूपीआयवर ‘ऑटोपे’ची सोय आली. पालक एकदाच यूपीआय पिन टाकून संमती देतो आणि पुढे ठरलेल्या तारखेला फी त्याच्या खात्यातून आपोआप वर्ग होते. या संमतीला मँडेट म्हणतात. 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा हप्त्यांना दर वेळी पिन लागत नाही, त्यामुळे शिकवणीची फी या सोयीत आरामात बसते.

भिंतीवर चिकटवलेल्या साध्या क्यूआर कोडने मात्र हे काम होत नाही. तिथे दर महिन्याला पालकालाच आठवण ठेवून पैसे पाठवावे लागतात. ऑटोपेसाठी वर्गाला रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या पेमेंट कंपनीकडे व्यापारी म्हणून नोंद करावी लागते. पॅन, बँक खाते आणि उद्यम किंवा दुकान नोंदणीचा दाखला एवढी कागदपत्रे साधारण पुरतात. नोंद करण्यापूर्वी दर नीट विचारून घ्यावा, कारण इथे फरक मोठा पडतो. एका कंपनीने प्रत्येक यशस्वी वसुलीला 10 रुपये लावले, तर 18 टक्के जीएसटी धरून 11.80 रुपये जातात. दुसरीने दोन टक्के लावले, तर त्याच 1,500 रुपयांवर 35.40 रुपये जातात. लहान वर्गाने ठोक दराचाच आग्रह धरावा. या वर्गाची दहा महिन्यांची जमा 9,42,000 रुपये होते. सेवांसाठीच्या 20 लाखांच्या मर्यादेपेक्षा ती बरीच कमी असल्याने, दुसरा व्यवसाय नसेल तर, स्वतः जीएसटी नोंदणी करण्याची गरज पडत नाही.

खरा विचार लागतो तो तारखेला. फी एक तारखेला कापावी असे शिकवणाऱ्याला वाटणे साहजिक आहे, पण त्या दिवशी अनेक घरांत पगारच झालेला नसतो. पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत पगार देण्याची मुदत आपल्या कायद्यात कित्येक वर्षे चालत आलेली आहे आणि कारखान्यांतले पगार अनेकदा त्याच सुमारास होतात. पाच तारखेला कर्जाचे हप्ते जातात ते वेगळेच. म्हणून नोकरदार घरांसाठी 10 तारीख सोयीची. ज्या घरी दर दहा दिवसांनी दुधाचे बिल खात्यावर येते, त्यांच्यासाठी 23 तारीख ठेवता येईल. प्रवेश अर्जावरच ‘तुमच्या खात्यात पैसे साधारण कधी येतात?’ असा एक रकाना असला, की अर्धे अडथळे तिथेच टळतात.

दुसरा मुद्दा कमाल रकमेचा. मँडेट देताना पडद्यावर कोणाला, किती, किती वेळा आणि कोणत्या तारखेपर्यंत हे सगळे दिसते. तिथे ‘2,000 रुपयांपर्यंत’ असे दिसले, की दर महिन्याला दोन हजारच जाणार असे समजून पालक माघार घेतात. ती फक्त वरची मर्यादा असते, पण पालकाची भीती रास्त आहे. जानेवारीत सराव परीक्षांचे 300 रुपये जास्त घ्यायचे असतील, तर मर्यादा 1,800 ठेवावी आणि ती का ठेवली ते पालकसभेत सांगावे. पडद्यावर वर्गाच्या नावाऐवजी मालकाचे नाव येणार असेल, तर तेही आधीच सांगावे. अनोळखी नाव पाहून पालक थांबला, तर तो शहाणाच म्हणायचा. लिंक फक्त वर्गाच्या नेहमीच्या क्रमांकावरून येईल आणि पिन कोणीही विचारणार नाही, ही दोन वाक्ये त्या सभेत फळ्यावर लिहून ठेवावीत.

मँडेटची शेवटची तारीखही इयत्तेप्रमाणे वेगळी हवी. दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, म्हणून त्यांचे मँडेट फेब्रुवारीत संपावे, बाकीच्यांचे मार्चमध्ये. सुट्टीतल्या महिन्याची फी चुकून कापली गेली, तर पुढच्या वर्षी त्या घरातून संमती मिळणे कठीण.

सगळ्या वर्गाला एकदम हात घालू नये. समजा, जुलैत फक्त नववीच्या 20 मुलांपासून सुरुवात केली. वसुलीच्या किमान 24 तास आधी पालकाला सूचना जावी लागते, म्हणजे नऊ तारखेलाच ‘उद्या 1,500 रुपये जातील’ असा संदेश पोचतो. दहा तारखेला 16 जणांची फी आली, तिघांच्या खात्यात शिल्लक नव्हती आणि एका पालकाने मँडेट तात्पुरते थांबवले होते. पालकाला तो हक्क आहेच; तो आपल्या ॲपमधून मँडेट थांबवू किंवा रद्दही करू शकतो. म्हणून मँडेट चालू दिसते म्हणजे फी मिळाली, असे कधीच धरू नये. मँडेट आणि त्या महिन्याची वसुली हे अहवालातले दोन वेगळे रकाने आहेत आणि दोन्ही पाहावे लागतात.

वर्गाच्या खात्यात 24,000 नव्हे तर 23,811.20 रुपये एकरकमी जमा होतात, कारण सोळा वसुल्यांचे 188.80 रुपये कंपनीने आधीच वळते केलेले असतात. वहीत मात्र प्रत्येक मुलाच्या नावापुढे पूर्ण 1,500 लिहावेत आणि 188.80 खर्चात दाखवावेत. हे पहिल्या महिन्यात जमले नाही, तर मार्चपर्यंत हिशेब कोणालाच लागणार नाही.

उरलेल्या तिघांसाठी पुन्हा प्रयत्न करता येतो. ऑगस्ट 2025 पासूनच्या नियमाप्रमाणे एका हप्त्यासाठी पहिला आणि त्यानंतर जास्तीत जास्त तीन प्रयत्न होतात, तेही गर्दीच्या वेळा सोडून. म्हणजे सकाळी 10 ते दुपारी 1 आणि संध्याकाळी 5 ते 9:30 या वेळांत नाही. पण शिल्लक नसलेल्या खात्यावर त्याच दिवशी पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. आधी पालकाला फोन करावा, तारीख विचारावी आणि मग प्रयत्न लावावा. सर्वांत जास्त मनस्ताप होतो तो इथेच. फी गेली नाही हे कळल्यावर आई दुसऱ्या दिवशी रोख 1,500 रुपये आणून देते आणि त्याच रात्री लावून ठेवलेला प्रयत्न यशस्वी होतो. एकाच महिन्याची फी दोनदा जाते. यावर उपाय एकच: रोख हातात घेण्यापूर्वी त्या महिन्याचा प्रयत्न रद्द करायचा आणि मगच पावती फाडायची.

काही घरे रोखच देतील. कुणाचा मोबाइल क्रमांक बँकेत नोंदलेला नसतो, कुणाची मजुरी रोजची आणि रोखीची असते. त्यांच्यासाठी पावतीपुस्तक आणि ठरलेला एक दिवस कायम ठेवावा, आणि पैसे देण्याघेण्याचे काम पालकांशीच व्हावे. मूल मध्येच वर्ग सोडून गेले, तर त्याच दिवशी वर्गाने आपल्या बाजूने मँडेट रद्द करून पालकाला तसे कळवावे. नववीतून दहावीत जाताना फी वाढणार असेल, तर जूनमध्ये प्रवेश अर्जासोबत नव्या रकमेचे नवे मँडेट घ्यायचे.