देसाई म्हणजे नेमके कोण?

सुरतेत ‘देसाई’ म्हटलं की समोरचा अनाविल ब्राह्मण धरून चालतो. मोरारजी देसाई त्यांच्यातलेच, जन्म १८९६चा, वलसाडजवळच्या भदेलीचा. पण शेजारच्या नवसारीत पारशी देसाई आहेत, उत्तर गुजरातेत रबारी देसाई. महाराष्ट्राचे गृहमंत्री राहिलेले पाटणचे बाळासाहेब देसाई मराठा!

या सगळ्यांचा पूर्वज एक नाही, हुद्दा एक आहे. परगण्याचा महसूल पाहणारा वतनदार तो देसाई. वतन वंशपरंपरेनं चालायचं, म्हणून हुद्द्याचंच आडनाव झालं. शिवाय आडनाव लग्नानंही येतं: लेखिका अनिता देसाई यांची आई जर्मन, वडील बंगाली.

बोलीचीही हीच गत. सुरतेच्या लिंबायत-उधन्यात खानदेशातून आलेली कुटुंबं पुष्कळ. त्यांची इथंच वाढलेली मुलं ‘स’चा ‘ह’ करत, अस्सल सुरतींसारखं, ‘हुरत’ म्हणतात आणि घरी आजीशी अहिराणी बोलतात. बाजारात ती गुजराती ठरतात, जळगावात आडनाव सांगितलं की पाटील! हेल बालपण कुठं गेलं ते सांगतो, पणजोबांचं गाव नाही. ते शोधायचं तर जुने सातबारे आणि वहीवंचा बारोटांच्या वंशावळ्या चाळाव्या लागतात. त्यातही बायकांची माहेरं बहुधा गायबच.