बाटलीवरचे ग्रॅम आणि मुलाचे चमचे

आंब्याच्या पेयाची 600 मिलीची बाटली घरी आली की मागचा बारीक अक्षरांतला तक्ता सहसा कुणी वाचत नाही. ज्यांनी वाचला, त्यांनाही ‘शुगर 14 ग्रॅम’ यातून फारसं काही कळत नाही. ग्रॅम हे वजन आपण सोनाराच्या दुकानात मोजतो, स्वयंपाकघरात नाही. चमचा मात्र सगळ्यांना कळतो. मुलाच्या दुधात कुणी नऊ चमचे साखर घालायला लागलं, तर आजी त्याचा हात धरेल. म्हणून लेबलवरच्या ग्रॅमचे चमचे करणं शिकून घ्यावं.

हिशेब सोपा आहे. पाच मिलीच्या चहाच्या चमच्यात, सपाट भरला तर, साधारण चार ग्रॅम साखर बसते. काटेकोर सांगायचं तर चारपेक्षा किंचित जास्त, पण घरच्या हिशेबाला चार पुरतात. त्यामुळे ग्रॅमच्या आकड्याला चारने भागायचं. भागाकार नको असेल तर आकड्याचं अर्धं करा आणि त्याचं पुन्हा अर्धं करा. 32 चे 16, सोळाचे आठ. म्हणजे आठ चमचे.

आपल्या घरातला चमचा मात्र एकदा तपासून घ्यावा, कारण डब्यातला चमचा कधी मोठा असतो आणि आपण तो शीग लावून भरतो. शिगेच्या चमच्यात सहा-सात ग्रॅम साखरही सहज मावते. खोकल्याच्या औषधाबरोबर खुणांचं छोटं माप मिळतं. ते धुऊन कोरडं करा, पाच मिलीच्या खुणेपर्यंत साखर भरा आणि ती आपल्या चमच्यात ओता. चमचा कुठवर भरतो ते दिसलं की चार ग्रॅम म्हणजे किती, हे डोळ्यांत बसतं.

आता ती बाटली घेऊ. तक्त्यातले आकडे असे आहेत असं समजा: 100 मिलीमागे टोटल शुगर्स 14 ग्रॅम, त्यांपैकी अ‍ॅडेड शुगर्स 12 ग्रॅम, एक सर्व्ह 200 मिली. खाली टक्केवारीच्या रकान्यात अ‍ॅडेड शुगर्ससमोर 48 टक्के लिहिलेलं आहे.

पहिली चूक इथे होते. 14 ग्रॅम वाचून आई म्हणते, साडेतीन चमचेच तर आहेत. पण ते 100 मिलीतले. घरचा स्टीलचा पेला बहुधा 250 मिलीच्या आसपास असतो. एकदा मोजून पाहिला की कायमचं कळतं. म्हणून आधी 14 ला अडीचने गुणायचं: 35 ग्रॅम. मग चारने भागायचं: जवळजवळ नऊ चमचे. एका पेल्यात.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. 48 टक्के वाचून वाटतं, दिवसाची निम्मी मर्यादा अजून शिल्लक आहे. पण ही टक्केवारी तुमच्या मुलासाठी काढलेलीच नाही. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे ती 2000 किलोकॅलरींचा आहार धरून काढतात आणि त्यात अ‍ॅडेड शुगरची दिवसाची मर्यादा 50 ग्रॅम, म्हणजे साडेबारा चमचे असते. 200 मिलीतले 24 ग्रॅम हे 50 चे 48 टक्के, गणित बरोबर आहे. पण ते मोठ्या माणसाचं आहे. पहिलीतलं पोर आणि त्याचे बाबा यांना एकाच मापाने मोजल्यासारखं हे होतं, आणि लहान मुलांनाच डोळ्यांसमोर ठेवून विकल्या जाणाऱ्या पेयांवरही तोच आकडा असतो. मला हे योग्य वाटत नाही. लेबल बदलेपर्यंत पालकांनी टक्क्यांचा रकाना सोडून द्यावा आणि ग्रॅम वाचावेत.

मग मुलाची मर्यादा किती? जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की अशा साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी चांगलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 1360 किलोकॅलरी लागतात. एक ग्रॅम साखर चार किलोकॅलरी देते. म्हणजे दहा टक्क्यांनी 34 ग्रॅम, साडेआठ चमचे. पाच टक्क्यांनी 17 ग्रॅम, जेमतेम चार चमचे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2016 मध्ये दोन ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी एकच सोपा आकडा दिला: 25 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सहा चमच्यांच्या आत. दोन वर्षांखालच्या बाळाला वरून घातलेली साखर मुळीच नको. घरात लक्षात ठेवायला सहा चमचे हा आकडा बरा, आणि मूल अगदी लहान असेल तर चार. आपल्या बाटलीतला एक पेला या दोन्हींच्या पलीकडे जातो. साडेआठ चमच्यांची सैल मर्यादासुद्धा ओलांडतो.

टोटल आणि अ‍ॅडेड यांपैकी कुठला आकडा घ्यायचा, हा प्रश्न उरतो. पेय दुधाचं असेल तर अ‍ॅडेडचा घ्यावा. दुधात स्वतःची साखर असते, 100 मिलीत साधारण पाच ग्रॅम, आणि ती या मर्यादेत धरत नाहीत. साध्या दुधाच्या पेल्याला म्हणूनच घाबरू नये. पेय फळांचं असेल तर मात्र टोटल घ्यावा. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ लिहिलेल्या रसाच्या खोक्यातही 100 मिलीमागे दहाएक ग्रॅम साखर असू शकते. ती फळाचीच असते, पण रस काढला की फळाचा चोथा मागे राहतो आणि साखर सुटी होते. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर मर्यादेत धरते. म्हणजे 200 मिलीच्या खोक्यात पाच चमचे. तेच संत्रं सोलून खाल्लं तर ती साखर या हिशेबात येत नाही. मध आणि गूळ मात्र येतात.

छपाई पुसट असेल तर सरबत, कोला अशा दूध-तूप नसलेल्या पेयाच्या बाबतीत एक उपाय आहे. ऊर्जेचा आकडा बघावा. त्याला चारने भागलं की साखरेचे ग्रॅम जवळपास मिळतात. 56 किलोकॅलरी म्हणजे 14 ग्रॅम.

आणि सहा चमचे सबंध दिवसाचे आहेत, एकट्या पेयाचे नाहीत. सकाळ-संध्याकाळच्या दुधात एकेक चमचा, चार ग्लुकोज बिस्किटांत सुमारे दीड, पोळीला लावलेल्या गुळाचा एक. इथेच साडेचार झाले. उरले दीड चमचे, म्हणजे सहा ग्रॅम. आपल्या आंब्याच्या पेयात तेवढी साखर चाळीसएक मिलीतच येते; लहान वाटीचा तळ झाकेल इतकंच. वाढदिवसाला पेला भरून प्यायचा असेल तर त्यासाठीही एक माप आहे: त्याच अमेरिकन शिफारशीप्रमाणे अशी गोड पेयं मुलांनी आठवड्यातून एकदाच घ्यावीत, तीही 240 मिलीपर्यंत.