हात ड्रिल यंत्रातील ठिणग्या व शक्तिक्षय

विजेवर चालणाऱ्या हात ड्रिल यंत्राच्या वायुछिद्रांतून ठिणग्या दिसणे आणि भार येताच त्याचा वेग खालावणे, ही या यंत्रातील नेहमी आढळणारी बिघाडाची लक्षणे आहेत. कार्बन ब्रशची झीज, चकची सैल पकड आणि गुंडाळ्या अतितापणे ही त्यामागील प्रमुख कारणे होत. वरवर सारखी भासणारी ही कारणे दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र फार भिन्न आहेत. पहिल्या दोहोंची दुरुस्ती अल्प खर्चात होते. तिसऱ्यात बहुधा आर्मेचर बदलावे लागते.

रचना

तारेद्वारे वीज घेणाऱ्या हात ड्रिलमध्ये सामान्यतः युनिव्हर्सल मोटर असते. तिच्यातील स्थिर फील्ड गुंडाळी आणि फिरते आर्मेचर एकसर जोडणीत असतात. आर्मेचरच्या टोकाशी तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर असतो व त्यावर दोन कार्बन ब्रश स्प्रिंगच्या दाबाने टेकलेले असतात. एकसर जोडणीमुळे मोटरचा संपूर्ण प्रवाह या ब्रशांतूनच जातो.

ब्रशची झीज

ब्रश झिजून आखूड झाला की त्यामागील स्प्रिंग अधिक ताणमुक्त होते आणि तिचा दाब घटतो. मग ब्रश कम्युटेटरवर नीट न टेकता थरथरू लागतो. गुंडाळीतील प्रवाह असा क्षणोक्षणी तुटला की त्या जागी ठिणगी उडते. सैल संपर्कात विद्युतदाबाचा काही भाग वाया जात असल्याने मोटरचे बलही घटते. ब्रशच्या कडेशी दिसणाऱ्या बारीक निळसर ठिणग्या सर्वसाधारण मानल्या जातात. मोठ्या, पिवळसर आणि भार वाढताच फैलावणाऱ्या ठिणग्या दोष दर्शवतात. ठिणग्यांमुळे कम्युटेटर खडबडीत व काळा होतो आणि त्या खडबडीमुळे नवा ब्रशही लवकर झिजतो.

गुंडाळ्या तापणे

मोटर फिरत असताना आर्मेचरमध्ये पुरवठ्याच्या विरुद्ध विद्युतदाब निर्माण होतो आणि तो प्रवाहाला आवर घालतो. भाराने वेग उतरला की हा आवर कमी होऊन प्रवाह वाढतो. ५०० वॅट व २३० व्होल्टच्या यंत्राचा पूर्ण भारातील प्रवाह सुमारे २.२ अँपिअर असतो. तो दुप्पट झाल्यास गुंडाळीतील उष्णता चौपट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय थंडावा देणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर असल्यामुळे, गरज सर्वाधिक असते तेव्हाच तो मंदावतो. वार्निशचा थर जळाला की शेजारचे वेढे एकमेकांस चिकटून लघुपथित होतात. जळका वास व कम्युटेटरच्या संपूर्ण घेऱ्याभोवती फिरणारी ठिणग्यांची कडी ही त्याची खूण होय.

चक घसरणे

बिट थांबते, पण मोटरचा आवाज चढाच राहतो, अशा वेळी दोष मोटरचा नसून पकडीचा असतो. बिटच्या दांड्यावर व चकवर पेन्सिलीने एकच सरळ रेघ ओढून छिद्र पाडून पाहावे. रेघा एकमेकींपासून सरकल्या, तर बिट जबड्यांत घसरत आहे. जबड्यांतील धूळ काढून चावीने तिन्ही भोकांतून पाळीपाळीने आवळल्यास पकड बहुधा सुधारते. बिट व चक दोन्ही थांबून मोटर फिरत राहिली, तर गिअर किंवा दांड्यावरील चकची जोडणी तपासावी.

निदानाचे उदाहरण

एका १० मिमी क्षमतेच्या ड्रिलमध्ये पोलादी पट्टीस छिद्र पाडताना ठिणग्या उडतात व वेग उतरतो, असे समजू. प्रथम प्लग काढावा. दोन्ही ब्रश बाहेर काढल्यावर एक १० मिमी, तर दुसरा केवळ ५ मिमी उरलेला आढळला. ब्रश जोडीनेच बदलावेत, एकेकटा नव्हे. नवे ब्रश त्याच मापाचे असावेत आणि धारकात सहज सरकावेत. काळा पडलेला कम्युटेटर बारीक काचकागदाने घासून धूळ झटकावी. एमरी कागदाचे कण विद्युतवाहक असल्याने तो टाळावा. नंतर यंत्र काही मिनिटे भाराविना चालवल्यास ब्रशला कम्युटेटरचा आकार येतो.

यानंतरही ठिणग्या कायम राहिल्यास आर्मेचर तपासावे. प्लग काढून व ब्रश बाहेर घेऊन मल्टिमीटरने कम्युटेटरच्या लगतच्या पट्ट्यांच्या प्रत्येक जोडीचा रोध मोजतात. सर्व आकडे जवळपास सारखे असावेत. एखाद्या जोडीचा रोध स्पष्टपणे कमी आला तर त्या वेढ्यात लघुपथ, आणि जास्त आला तर तुटलेली तार संभवते. अशा आर्मेचरवर नवे ब्रश बसवणे व्यर्थ ठरते. तेही थोड्याच दिवसांत जळतात.