परिषदेतली तीन माणसं

परिषदेत भाषणं ऐकणं सोपं असतं. धास्ती वाटते ती चहाच्या सुट्टीची. हॉलबाहेर घोळके जमतात आणि अबोल माणूस कप हातात धरून मोबाइलमध्ये डोकं घालतो. त्याला ‘जरा मोकळं व्हा’ असं सांगून काही उपयोग नाही. लोक त्याला नकोसे नसतात, पण अनोळखी गर्दीत तो लवकर थकतो. म्हणून आपला दम कुठे खर्च करायचा, हे त्याने घरून निघतानाच ठरवलेलं बरं.

समजा, कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत क्वालिटी सांभाळणारी इंजिनिअर पुण्यातल्या दोन दिवसांच्या परिषदेला निघाली आहे. कार्यक्रमपत्रिका बघून तिने तीनच नावं निवडावीत आणि त्यातल्या एका वक्त्याला आठवडाभर आधी ईमेल करावा: ‘पावसाळ्यात आमच्या ग्रीन सँडचा ओलावा वरखाली होतो, कास्टिंगला ब्लो-होल येतात. तुमच्या भाषणानंतर चहाला दहा मिनिटं मिळतील का?’ कामाचा नेमका प्रश्न हाताशी असला की हवापाण्याच्या गप्पा माराव्या लागत नाहीत, आणि अबोल माणसाचं घोडं बहुधा तिथेच अडतं.

बाकीच्या दोघांना घोळक्यात गाठावं लागेल. गप्पांचा एक गट साधारण चार माणसांपर्यंतच टिकतो, पुढे त्याचे दोन होतात, असं रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये दाखवून दिलं. तेव्हा सात-आठ जणांच्या कड्याला नुसतं चिकटून उभं राहू नये. दोघं-तिघं जिथे थोडी जागा सोडून उभे असतील तिथे जावं. दोघं अगदी समोरासमोर, खांद्याला खांदा भिडवल्यागत बोलत असतील तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

दुपारच्या जेवणानंतरचं एक सत्र सरळ सोडून द्यावं आणि बाहेर एकट्याने फिरून यावं. समोरच्याने नाव सांगताक्षणी ते विसरायला लागलं, तर दम संपला असं समजावं. रात्रीच्या जेवणाला तासभर थांबलं तरी पुरे. ‘उद्या सकाळी भेटू’ म्हणून निघालेल्या माणसाला कोणी नावं ठेवत नाही.

प्रत्येक बोलणं झालं की व्हिजिटिंग कार्डाच्या मागे दोन ओळी लिहाव्यात: काय बोललो, काय पाठवायचं कबूल केलं. बहुतेक जण इथेच चुकतात. कार्डांची चळत घरी आणतात आणि चार दिवसांनी चेहरा कोणाचा, नाव कोणाचं, काही आठवत नाही. दोन दिवसांच्या आत त्या तिघांना मेसेज जायला हवा, तोही ‘भेटून आनंद झाला’ एवढाच नको: ‘तुम्ही म्हणालात तशी दर पाळीला ओलाव्याची नोंद सुरू केली. पहिल्या आठवड्याचा तक्ता पाठवते.’ उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करावी, मग विषय सोडून द्यावा.

तिघांपैकी एकाचं जरी उत्तर आलं, तरी परिषदेची फी वसूल झाली असं खुशाल समजा.