तेरीज जुळली, नफा चुकला

एका छोट्या छापखान्याची ३१ मार्चची तेरीज समोर आहे असे धरू. आकडे उदाहरणापुरते सोपे घेतले आहेत. घसारा आणि जीएसटी बाजूला ठेवले आहेत आणि वर्षाअखेर गोदामात कागद शिल्लक नाही. नावे बाजूला रोख २०,००० रुपये, बँकेत ८०,०००, ग्राहकांकडून येणे १,५०,०००, यंत्रे ४,००,०००, कागद-शाईची खरेदी ६,००,०००, पगार २,००,०००, भाडे १,२०,००० आणि दुरुस्ती ३०,०००. जमा बाजूला मालकाचे भांडवल ४,५०,०००, पुरवठादारांचे देणे १,००,००० आणि छपाईचे उत्पन्न १०,५०,०००. दोन्हीकडची बेरीज १६ लाख.

तेरीज म्हणजे खातेवहीतल्या प्रत्येक खात्याची त्या दिवशीची शिल्लक एका कागदावर मांडलेली यादी. मालमत्ता आणि खर्च नावे बाजूला येतात. भांडवल, देणी आणि उत्पन्न जमा बाजूला. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत सारख्याच रकमेने नोंदवला जात असल्याने दोन्ही बेरजा जुळायलाच हव्यात. वरच्या तेरजेतून नफाही लगेच काढता येतो: साडेदहा लाखांच्या उत्पन्नातून साडेनऊ लाखांचा खर्च वजा केला की उरतो एक लाख.

खरा नफा मात्र १५,००० आहे.

वर्षभरात छपाईयंत्राच्या दुरुस्तीवर झालेला ६०,००० रुपयांचा खर्च कारकुनाने दुरुस्ती खात्याऐवजी यंत्र खात्यात नावे टाकला. नोंद नावेलाच झाली, रक्कमही बरोबर होती, म्हणून बेरजेला धक्का लागला नाही. पण वर्षाचा खर्च मालमत्ता होऊन बसला आणि नफा तेवढ्याने फुगला. दुसरी चूक आणखी साधी आहे. उधारीवर घेतलेल्या २५,००० रुपयांच्या कागदाचे बिल फाइलमध्ये अडकून राहिले आणि त्याची नोंदच झाली नाही. कागद छापून संपला, पण खरेदीही कमी दिसली आणि पुरवठादाराचे देणेही. दोन्ही बाजू सारख्याच कमी झाल्याने तेरजेला काहीच खटकले नाही. या दोन्ही चुका दुरुस्त केल्या की बेरीज १६,२५,००० होते आणि तीही तितकीच चोख जुळते.

हाताने लिहिलेल्या वह्यांत तेरीज बरेच काही पकडते. ५,४०० ची रक्कम एका खात्यात ४,५०० अशी उतरली तर ९०० चा फरक येतो. शेजारचे दोन अंक उलटले की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो, त्यामुळे अनुभवी हिशेबनीस आधी तिथेच शोधतात. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर ती चुकीच्या बाजूला गेली असण्याची शक्यता तपासतात. टॅलीसारख्या संगणकीय प्रणालीत मात्र नावे-जमा सारखे नसलेले व्हाउचर सहसा स्वीकारलेच जात नाही. म्हणजे बेरजेचा फरक ज्या चुका उघड करतो, त्या तिथे आधीच गाळल्या जातात. उरतात त्या नेमक्या न दिसणाऱ्या. म्हणून आज बेरजेपेक्षा एकेका ओळीकडे पाहण्याला अधिक अर्थ आहे.

छापखान्याच्या तेरजेत हे कसे करायचे? गेल्या वर्षीची तेरीज शेजारी ठेवायची. दुरुस्तीचा खर्च एकदम घसरला असेल आणि यंत्रे वाढली असतील, तर यंत्र खाते उघडून प्रत्येक नोंदीमागचे बिल पाहायचे. बिलावर नवे यंत्र नसून सुटे भाग आणि मजुरी असेल, तर चूक सापडली. रोख खात्याची शिल्लक जमा बाजूला दिसली, तर नोंद नक्कीच कुठेतरी बिघडली आहे, कारण गल्ल्यात शून्यापेक्षा कमी पैसे असू शकत नाहीत. ग्राहकाचे खाते जमा दाखवत असेल, तर त्याने आगाऊ पैसे दिले असतील, किंवा सारख्या आडनावाच्या दुसऱ्याचे पैसे त्याच्या नावावर पडले असतील.

न नोंदवलेले बिल मात्र तेरजेत कितीही डोळे घातले तरी दिसणार नाही. त्यासाठी बाहेरचा कागद लागतो: पुरवठादाराकडून मागवलेला खातेउतारा किंवा जीएसटीच्या संकेतस्थळावरचे GSTR-2B, ज्यात नोंदणीकृत पुरवठादारांनी आपल्या विवरणात दाखवलेली बिले येतात. त्याच्याशी खरेदी पडताळली की हरवलेले बिल समोर येते.

छापखान्यातली पहिली चूक अजाणता झाली. अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीत तीच गोष्ट जाणूनबुजून केली गेली. इतर कंपन्यांच्या दूरध्वनी वाहिन्या वापरण्यासाठी दिलेले शुल्क हा चालू खर्च. तो मालमत्तेच्या खात्यांत ढकलला गेला. अंतर्गत लेखापरीक्षण विभागाच्या प्रमुख सिंथिया कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भांडवली खर्चाच्या नोंदींचे आधार मागायला सुरुवात केली, तेव्हा त्या नोंदींमागे योग्य कागदपत्रे सापडेनात. जून २००२ मध्ये कंपनीने जाहीर केलेली रक्कम ३८० कोटी डॉलरहून अधिक होती, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला.